दादा-वहिनींसाठी दोन मिनिटं

लंडनच्या वायव्येला हॅरोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये निरोपाचं जेवण हा प्रसंग वरचेवर येतो. कुणाचं कंत्राट संपतं, कुणाला दुसऱ्या शहरात नोकरी लागते, कुणी कायमचं भारतात परततं. मग एखाद्याच्या घरी सगळे जमतात. कुणी मसालेभात आणतं, कुणी अळूवडी, आणि यजमान चार शब्द बोलतो. आपल्याकडच्या निरोप समारंभात हे चार शब्द म्हणजे भाषण असतं. शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ, एकामागून एक वक्ते, शेवटी आभार. इंग्लंडात राहून या मंडळींनी त्या जागी टोस्ट आणला आहे. यजमान ग्लास हातात घेऊन उभा राहतो, थोडंसं बोलतो आणि जाणाऱ्या जोडप्याच्या नावाने सगळे एक घोट घेतात.

दिसायला हे भाषणाचं छोटं रूप वाटतं, पण रचना निराळी आहे. भाषणात बोलणारा बोलतो आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. टोस्टमध्ये शेवटचं वाक्य सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचं असतं. यजमान जे काही आधी बोलतो, ते माणसांना त्या वाक्यापर्यंत आणण्यासाठी. म्हणून टोस्ट लिहिताना शेवटची ओळ आधी लिहावी आणि मग मागे यावं. ही एक गोष्ट पाळली तर निम्मी लांबी आपोआप गळते, कारण त्या ओळीकडे न नेणारं वाक्य लगेच उघडं पडतं.

ब्रिटिश रिवाज साधा आहे. यजमान आधी ग्लास भरून घ्यायला सांगतो, बोलतो, मग पाहुण्यांना उठायची विनंती करतो आणि ज्यांच्यासाठी टोस्ट आहे त्यांची नावं घेतो. बाकीचे तीच नावं पुन्हा उच्चारून घोट घेतात. ज्यांचा मान आहे ते बसून राहतात आणि स्वतःच्या नावाने पीत नाहीत. मागाहून त्यांनी उत्तरादाखल थोडं बोलायचं असतं. उठणं सगळीकडे सक्तीचं नाही. ब्रिटिश नौदलात जहाजावर राजाच्या नावाचा टोस्टही बसूनच घेतात. त्याच नौदलात आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक ठरलेला टोस्ट आहे, आणि रविवारचा टोस्ट आहे दूर असलेल्या मित्रांसाठी. समुद्रावर महिनोन्‌महिने काढणाऱ्या माणसांनी आपल्या टेबलावर नसलेल्यांसाठी आठवड्यातला एक वार राखून ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या देशातही याचा औपचारिक नमुना आहे. राष्ट्रपती भवनात परदेशी राष्ट्रप्रमुखांना मेजवानी असते तेव्हा राष्ट्रपतींचं भाषण टोस्टनेच संपतं. पाहुण्यांचं आरोग्य, त्यांच्या जनतेची भरभराट आणि दोन देशांची मैत्री यांसाठी ग्लास उंचावण्याची विनंती होते. तिथे इतक्या इच्छा शोभतात. घरच्या जेवणात मात्र एकच इच्छा पुरते, कारण इथे ती ओळ सगळ्यांच्या तोंडी यायची आहे.

आता एक खरा मसुदा बघू. हॅरोतल्या एका मित्राने निरोपाचं जेवण ठरवलं होतं आणि लिहिलेला टोस्ट मला वाचायला दिला. निघालेलं जोडपं त्या सगळ्या मंडळींपेक्षा थोडं मोठं, त्यामुळे सगळे त्यांना दादा आणि वहिनी म्हणत. दादा रेल्वेच्या सिग्नल विभागात अभियंता. वहिनी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दोघं कायमची सांगलीला निघाली होती. पाहुण्यांत बहुतेक मराठी घरं होती आणि दादांच्या शेजारी राहणाऱ्या एक वयस्कर इंग्लिश बाई होत्या.

मसुदा दोन पानी होता. मी आधी दोन रंगांची पेनं घेतली आणि दादांविषयीची वाक्यं एका रंगाने, वहिनींविषयीची दुसऱ्या रंगाने अधोरेखित केली. पान जवळजवळ एकाच रंगाचं झालं. यजमान दादांचा मित्र, त्यामुळे कामावरच्या गोष्टी, क्रिकेटच्या गोष्टी, एकत्र पाहिलेले सामने, सगळं दादांचं. वहिनी दोनदा आल्या होत्या आणि दोन्ही वेळा त्यांच्या हातच्या पुरणपोळीसाठी. जोडप्याच्या टोस्टमध्ये हा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, कारण त्याचा एकाविषयीचा जिव्हाळा खरा असतो. ज्याला आपण चांगलं ओळखतो त्याच्याविषयी लिहिणं सोपं जातं आणि दुसरी व्यक्ती स्वयंपाकघरात राहते. सोळा वर्षं दुकानाच्या काउंटरमागे उभं राहिलेल्या बाईंना आपली ओळख पुरणपोळीपुरती ऐकावी लागली असती.

यावरचा उपाय मजकूर सजवण्याने होत नाही, माहिती गोळा करावी लागते. यजमानाने येणाऱ्या चार-पाच घरांना फोन करून एकच प्रश्न विचारला. वहिनींनी तुमच्यासाठी काय केलं, एक गोष्ट सांगा. पहिल्यांदा सगळ्यांनी विशेषणंच दिली. प्रेमळ आहेत, हसतमुख आहेत, कधी नाही म्हणत नाहीत. अशा वेळी थांबायचं नाही, ‘म्हणजे काय केलं होतं?’ असं पुन्हा विचारायचं. दुसऱ्या प्रश्नाला तीन घरांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा औषधांची पिशवी बरोबर आणतात. पट्टी संपली की पंचाईत होते, कारण तोंडात बसलेलं असतं ते कंपनीचं नाव, आणि त्या नावाचं औषध इथे मिळत नाही. आपल्याकडची क्रोसिन इथे मागून उपयोग नाही, पॅरासिटामॉल म्हणावं लागतं. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांचं असं नाव घरच्यांना कुठून ठाऊक असणार? वहिनी घरी येऊन बसत. पट्टीच्या मागचं बारीक अक्षरांतलं मूळ औषधाचं नाव वाचत, त्याची मात्रा टिपून घेत, डॉक्टरांना काय सांगायचं ते इंग्रजीत लिहून देत. नवीन डबी आली की तिच्यावर मराठीत लिहीत, सकाळी जेवणानंतर एक. त्या डब्या कितीतरी घरांत अजून आहेत.

टोस्टमध्ये वहिनींची बाजू एवढ्यावर उभी राहिली. ‘प्रेमळ’ हा शब्द एकदाही वापरायची गरज पडली नाही.

दादांची बाजूही मग छाटली. क्रिकेटचे सामने यजमानाला आणि दादांना आठवत होते, बाकीच्यांना त्यात जागा नव्हती. टोस्टमधली आठवण खोलीतल्या बहुतेकांची असावी. दोघांचीच असेल तर बाकीचे ग्लास धरून उगाच उभे राहतात. दादांची अशी आठवण एकच होती, हीथ्रो विमानतळ. कुणाचं पहाटेचं विमान असो, दादा गाडी घेऊन दारात. जमलेल्यांपैकी प्रत्येक घराच्या बॅगा त्या गाडीतून गेलेल्या होत्या.

यानंतर कापाकापीचा अवघड भाग आला. मसुद्यात तीन वाक्यं अशी होती की ती प्रेमाने लिहिलेली होती, तरीही त्या टेबलावर ती बोलता आली नसती.

पहिलं वाक्य जाण्याच्या कारणाचं. वहिनींच्या आईंना विसरायला होऊ लागलं होतं आणि म्हणून दोघं परतत होती. यजमानाला हे माहीत होतं, काही घरांना नव्हतं. मसुद्यात ‘आईच्या आजारपणात तिच्याजवळ राहण्यासाठी’ असं कौतुकाने लिहिलं होतं. कौतुक असलं तरी ती बातमी देण्याचा हक्क वहिनींचा. स्थलांतरामागे आजार, नोकरी जाणं, पैशाची ओढाताण, घरातले मतभेद असं काहीही असू शकतं. जोडप्याने स्वतः सर्वांना सांगितलं नसेल, तर टोस्टमध्ये ठिकाणाचं नाव घ्यावं आणि कारण सोडून द्यावं.

दुसरं वाक्य होतं, ‘आम्हाला पोरकं करून चाललात.’ बोलीत हे लाडाने म्हणतात आणि समोरासमोर दोघांत ते चालतंही. पण वीस माणसांसमोर, स्वतःला बसायला सांगितलेलं असताना, जाणाऱ्याला ते लागतं. घर आवरताना, मुलांच्या शाळेचे दाखले काढताना, सामान विकताना त्याने आधीच पुष्कळ अपराधीपण वाहिलेलं असतं. निरोपाच्या रात्री त्यात भर घालू नये.

तिसरं वाक्य जास्त फसवं. ‘शेवटी तुम्ही योग्य निर्णय घेतलात, आपली माती ती आपली माती.’ जाणाऱ्यांना बरं वाटेल म्हणून लिहिलेलं. पण ऐकणाऱ्या प्रत्येक घरात कुणाचे ना कुणाचे म्हातारे आई-वडील पुण्याला, नागपूरला, साताऱ्याला एकटे आहेत. परतायचं की राहायचं हा वाद त्या घरांत रात्री दिवे मालवल्यावर चालतो. एकाचा निर्णय योग्य म्हटला की राहणाऱ्यांच्या निर्णयावर शेरा बसतो. परदेशातल्या मराठी मंडळींमध्ये बोलताना यजमानाने ही जागा फार सांभाळावी असं मला मनापासून वाटतं. जाण्याची बाजू घेऊ नये, राहण्याचीही नाही. ही माणसं इथे असताना काय होतं, तेवढंच सांगावं.

‘आम्ही सगळे सांगलीला येऊ’ हे वाक्यही गेलं. सगळे येणार नसतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वचन द्यायचंच तर पाळता येईल असं, शक्यतो नजीकच्या तारखेचं द्यावं. यजमानाला ते वचन हीथ्रोच्या आठवणीतच सापडलं आणि टोस्टला वळण मिळालं.

शेजारच्या इंग्लिश बाईंचं काय करायचं हाही प्रश्न होता. प्रत्येक वाक्य दोन भाषांत म्हटलं तर लांबी दुप्पट होते आणि दोन्ही भाषांतला जोर जातो. सगळं इंग्रजीत म्हटलं तर डब्यांवरची मराठी अक्षरं फिकी पडतात. ठरलं ते असं की बाईंना आधी फोनवर सगळा मजकूर इंग्रजीत सांगायचा, टोस्टमध्ये त्यांच्या आणि दादांच्या शेजाराविषयीची दोन वाक्यं इंग्रजीतच बोलायची आणि शेवटी म्हणायची ओळ अशी ठेवायची की ती त्यांनाही म्हणता यावी. ती दोन इंग्रजी वाक्यं मी खाली मराठीत देतो आहे. पक्का झालेला टोस्ट असा:

‘मंडळी, ग्लास भरून घ्या. दादा आणि वहिनी, तुम्ही दोघं बसून राहायचं आहे, आज तुम्हाला काम नाही.

या खोलीत असं एकही घर नाही, ज्याच्या बॅगा दादांनी हीथ्रोला पोचवल्या नाहीत. पहाटे साडेतीनला दारात गाडी उभी असायची. पासपोर्ट घेतलेत का, हे दादा विचारायचे आणि आपण घरात पळायचो. परत येताना बाहेर कोण उभं असेल याचा विचार आपल्यापैकी कुणाला कधी करावा लागला नाही.

आणि असंही घर नाही, जिथे आपले आई-बाबा आले आणि वहिनी त्यांच्या औषधांची पिशवी घेऊन बसल्या नाहीत. दुकानात दिवसभर उभं राहून त्या घरी जायच्या आधी आपल्याकडे यायच्या. पट्टीमागची अक्षरं वाचायच्या, चिठ्ठी लिहून द्यायच्या. माझ्या आईच्या डबीवर अजून त्यांचं अक्षर आहे, सकाळी जेवणानंतर एक. आई इथे असताना माझ्यापेक्षा त्या अक्षरावर तिचा जास्त विश्वास होता.

शेजारच्या आपल्या आजींनी मला सांगितलं की बर्फ पडला की त्यांच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट सकाळी उठायच्या आधी मोकळी झालेली असते. ती कोण करतं हे त्यांनी कधी विचारलं नाही, कारण फावडं नेहमी दादांच्या दाराशी ओलं असायचं.

दादा, वहिनी, पुढच्या शनिवारी तुमचं विमान आहे. या वेळी गाडी मी चालवणार. पासपोर्ट घेतलेत का, हे मी विचारणार.

मंडळी, उठा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच ग्लास उचला. मी म्हणेन ते माझ्यामागून म्हणा. दादा आणि वहिनी, सुखी राहा!’

हा मजकूर दोनशे शब्दांच्या आसपास आहे. मराठीत शांतपणे, मध्ये हसायला जागा देत वाचला तर दोन मिनिटं लागतात, अडीच म्हटली तरी चालतील. तीन मिनिटांच्या पुढे गेलं की माणसं ग्लास खाली ठेवतात. यजमानाला ते समोर दिसतं. ग्लास टेबलावर टेकू लागले की मधला परिच्छेद सोडून सरळ ‘दादा, वहिनी’ या ओळीवर यावं. म्हणून कागदावर प्रत्येक परिच्छेद सुटा ठेवावा, एक गाळला तरी पुढचा उभा राहिला पाहिजे.

या मजकुरात बोलण्याचं तोंड एकदा वळतं. सुरुवातीची सूचना सोडली तर यजमान बहुतेक वेळ पाहुण्यांशी बोलतो आणि जोडप्याविषयी सांगतो, ‘दादांनी’, ‘वहिनी लिहायच्या’ असं. शेवटी तो जोडप्याकडे वळून ‘तुम्ही’ म्हणतो. सगळा टोस्ट जोडप्याला उद्देशून केला तर पाहुणे प्रेक्षक होतात आणि ते दोघं इतका वेळ सगळ्यांच्या नजरेखाली अवघडतात. कौतुक दुसऱ्यांना सांगताना ऐकणं सोपं जातं.

शेवटच्या ओळीवर सर्वांत जास्त खटपट झाली. मूळ मसुद्यात होतं, ‘दादा आणि वहिनींच्या उज्ज्वल, निरामय आणि समृद्ध भावी आयुष्यासाठी.’ ही ओळ मागून कुणी म्हणू शकत नाही. दुसऱ्याच शब्दावर आवाज विस्कटतात, मग कुणी ‘चिअर्स’ म्हणून सुटका करून घेतं. इंग्रजीत या जागेला ठरलेला साचा आहे, पाहुण्यांना काय म्हणायचं ते सांगावं लागत नाही. मराठीत तो नाही, त्यामुळे ‘माझ्यामागून म्हणा’ हे स्पष्ट सांगावं लागतं आणि ओळ एका श्वासात मावणारी, दोन्ही नावं असलेली ठेवावी लागते. लिहून झाल्यावर घरातल्या लहान मुलाला एकदाच ऐकवावी. त्याला ती जशीच्या तशी परत म्हणता आली तर ती चालते.

गळा दाटून येण्याची तयारीही ठेवायला हवी. निरोपाच्या टोस्टमध्ये हे होतंच आणि त्यात काही वावगं नाही, फक्त ते शेवटच्या ओळीवर होऊ नये, कारण ती ओळ ऐकू आली नाही तर सगळे अडकतात. कुठे आवाज फुटेल हे मोठ्याने वाचताना कळतं. आमच्या यजमानाला आईच्या डबीपाशी थांबावं लागत होतं. ते वाक्य मध्यभागी राहिलं आणि त्यानंतर शेजारच्या आजींची हलकी गोष्ट आली, एवढ्यात श्वास परत मिळतो. कागद हातात ठेवायला संकोच करू नये. मोठ्या अक्षरांत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून लिहावं. पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र पाठ असावं, म्हणजे त्या वेळी मान वर राहते.

टोस्ट केव्हा करायचा, याचं उत्तर आपल्या जेवणात थोडं वेगळं आहे. काट्याचमच्याने जेवणाऱ्या टेबलावर तो मध्येच करता येतो. आपण हाताने जेवतो. मसालेभाताने भरलेल्या उजव्या हाताने ग्लास उचलता येत नाही आणि डाव्या हाताने सगळे अवघडल्यासारखे दिसतात. जेवणाआधी करावा तर मुलं भुकेली असतात आणि पुऱ्या गार होतात. सर्वांत सोयीची वेळ म्हणजे मुख्य जेवण होऊन हात धुऊन झाल्यावर, श्रीखंडाच्या वाट्या बाहेर येण्याआधी. ज्यांना लवकर निघायचं आहे तेही गोडासाठी थांबलेले असतात. वरच्या खोलीत टीव्ही पाहणारी मुलं खाली बोलवावीत. ज्यांना दादांनी शाळेत सोडलं ती मुलं त्या ओळीत हवीत.

ग्लासात काय आहे याला महत्त्व नाही, सर्वांच्या हातात काहीतरी असण्याला आहे. काहींचा उपास, काहींना वर्ज्य, काहींना गाडी चालवायची. म्हणून त्या घरी सगळ्यांसाठी कोकम सरबत केलं. साखरेत मुरवलेला अमृत कोकमाचा अर्क असेल तर एका भागाला चार ते पाच भाग थंड पाणी, किंचित मीठ आणि जिरेपूड. बिनसाखरेचं आगळ असेल तर ते खूप आंबट आणि खारट असतं, त्यात साखर वेगळी घालावी लागते आणि मीठ मुळीच नाही. ग्लास अर्धेच भरावेत. इंग्लंडातल्या घरांत खाली गालिचा असतो आणि कोकमाचा डाग निघता निघत नाही. ग्लास वाटायचं काम एकाकडे सोपवावं, ती व्यक्ती यजमान नको. यजमान तांब्या घेऊन फिरत राहिला की बोलणं कुठून सुरू झालं ते कुणालाच कळत नाही.

जोडप्याला त्या दिवशी सकाळीच सांगून ठेवावं की टोस्ट आहे आणि वाटलं तर दोन शब्द बोला, नाही वाटलं तर मान हलवली तरी पुष्कळ. दोघांपैकी कोण बोलणार हे त्यांनाच ठरवू द्यावं. बोलकं माणूसच बोलेल असं धरू नये. हॅरोत वहिनी उठल्या. त्यांनी आभार मानलेच नाहीत. कुणाकडे कुठलं औषध किती दिवसांचं शिल्लक आहे आणि आता कोणत्या दुकानात कुणाला भेटायचं, हे त्यांनी घराघराचं नाव घेऊन सांगितलं. दोन घरांनी ते तिथेच फोनमध्ये लिहून घेतलं.

त्यानंतर लगेच वाट्या बाहेर आल्या पाहिजेत. टोस्ट चांगला झाला की आणखी दोघा-तिघांना बोलावंसं वाटतं आणि आयत्या वेळचं तिसरं भाषण जाणाऱ्यांना थकवतं. ज्यांना बोलायचं आहे त्यांना आधी विचारून एकाला, फार तर दोघांना जेवणाआधीची वेळ द्यावी. आमच्या यजमानाने बायकोशी ठरवून ठेवलं होतं की वहिनी खाली बसल्या की श्रीखंडाचं पातेलं टेबलावर आलंच पाहिजे, आणि ते आलं.